जव किती भाजला आणि कसा भाजला: फिक्या, तांबूस आणि काळ्या बिअरचा रंग माल्टमध्ये कसा तयार होतो

स्टाउटचा काळाभोर ग्लास समोर आला की वाटतं, यातलं सगळं धान्य काळं होईपर्यंत भाजलं असणार. तसं नसतं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. स्टाउटच्या धान्यात दहापैकी जवळपास नऊ भाग फिका माल्ट असतो, म्हणजे पिल्सनर या पिवळ्याधमक बिअरमध्ये जातो तशाच प्रकारचा. सगळा काळेपणा आणि कॉफीसारखा कडवटपणा उरलेल्या एका भागातून येतो. दुसरी समजूत अशी, की तांबूस बिअर ही फिकी आणि काळी यांच्या मधली पायरी आहे. रंगाने ती मधली आहे, चवीने नाही. तिथे दाणा किती भाजला यापेक्षा उष्णता लागली तेव्हा त्याच्यात पाणी किती होतं, याला जास्त महत्त्व आहे.

हे वाचून पटण्यापेक्षा चाखून लवकर पटतं. म्हणून या लेखात एक किलो जव घेऊन त्यातून चार प्रकारचे माल्ट करायचे आणि त्यांचा गरम पाण्यातला अर्क कपात ओतून चाखायचा, एवढं सगळं सविस्तर दिलं आहे. यीस्ट घालायच्या आधी आपण थांबणार आहोत. मध्य प्रदेश आबकारी अधिनियम, १९१५ प्रमाणे परवान्याशिवाय घरी मद्य करता येत नाही, आणि रंग-चवीचं गणित समजायला त्याची गरजही नाही. माल्ट तयार करणारे आणि बिअर करणारे लोकसुद्धा माल्टची पारख असाच अर्क काढून करतात.

दाणा कोणता घ्यायचा

इंदूरला सियागंजात जव मागितले की दुकानदार विचारतो, "पूजा के या खाने के?" आपल्याला पूजेचे हवेत. नवरात्रात घटाशी पेरतो ते साल असलेले आणि उगवणारे असतात. खायचे जव साल काढून घासलेले असतात, त्यात कोंबाचं टोक बहुतेक निघून गेलेलं असतं, त्यांना मोड येत नाहीत. साल आपल्याला आणखी एका कारणासाठी हवी. पुढे अर्क गाळताना तीच गाळणीचं काम करते.

बियाण्याच्या दुकानातले गुलाबी किंवा लालसर दिसणारे जव अजिबात घेऊ नयेत. तो रंग बुरशीनाशकाचा असतो आणि धुऊन जात नाही.

घरी आणल्यावर शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात तीन दिवस ठेवा. ९५ च्या वर उगवले तर माल चांगला. ८० उगवले तर उरलेले वीस दाणे पुढच्या आठवड्यात तुमच्या परातीत कुजणार आहेत, तेव्हा दुसरीकडचे जव बघा. हातात घेऊन दाण्यांकडेही नीट पाहा. बरेच दाणे एका बाजूला किंचित पिळलेले दिसले तर तो सहा ओळींचा जव. कणसात मधला दाणा सरळ वाढतो, बाजूचे दोन जागेअभावी वळतात. आपल्याकडे हा खूप पिकतो. त्यात प्रोटीन बहुधा थोडं जास्त असतं, त्यामुळे तोच माल्ट तेवढ्याच उष्णतेत किंचित गडद होतो. बिअरचे कारखाने म्हणूनच दोन ओळींच्या जवाला पसंती देतात. आपल्या कामाला दोन्ही चालतील.

भिजवणं आणि मोड

हे काम डिसेंबर-जानेवारीतच करायचं. मोडांना १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमान मानवतं आणि इंदूरच्या हिवाळ्यात ऊन न येणाऱ्या खोलीत ते सहज मिळतं. एप्रिलमध्ये हेच जव दोन दिवसांत आंबूस वास मारू लागतात.

एक किलो जव स्वच्छ धुऊन आठ तास पाण्यात ठेवा, मग आठ तास चाळणीत निथळत ठेवा, आणि असं तीनदा करा. सलग चोवीस तास पाण्यात ठेवायचा मोह टाळा. दाणा जिवंत असतो, त्याला श्वास घ्यायला हवा लागते, आणि पाण्याखाली तो गुदमरून मरतो. पुरेसं पाणी शोषलं गेलं की नाही हे वजनकाटा सांगतो. कोरड्या जवात साधारण १२ टक्के पाणी असतं, आपल्याला ४४ टक्क्यांच्या आसपास न्यायचं आहे. म्हणजे एक किलोचे निथळल्यावर १ किलो ५५० ते १ किलो ६०० ग्रॅम भरले की झालं. तोवर दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका डोकावू लागलेला असतो.

आता ते परातीत दोन-तीन इंचांच्या थरात पसरा, वर ओलं सुती कापड टाका आणि दिवसातून दोन-तीनदा हाताने वरखाली करा. हलवलं नाही तर मुळं एकमेकांत गुंतून गोधडी तयार होते आणि थराच्या मध्यभागी उष्णता साठते. कापड सुकलं तर पाणी शिंपडा. चार ते पाच दिवस लागतात.

कधी थांबायचं, इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण मटकीच्या सवयीने आपण बाहेर दिसणारा मोड बघतो. जवाच्या टोकाला दिसतात ती मुळं. खरा कोंब सालीच्या आत, दाण्याच्या पाठीवरून वर सरकत असतो आणि बाहेरून दिसत नाही. धारदार सुरीने दाणा लांबीत उभा चिरा. कोंब दाण्याच्या पाऊण लांबीपर्यंत पोचला असेल तर वेळ झाली. तो दाण्याबाहेर हिरवा डोकावला, तर जवारे व्हायला लागले आणि आतलं पीठ खर्ची पडायला लागलं. दुसरी खूण बोटांची. दाणा चिमटीत दाबून चोळला की आतलं पीठ खडूसारखं पसरायला हवं. मधेच कडक कणी लागली तर अजून एक दिवस द्या.

या पाच दिवसांत आत दोन गोष्टी घडतात. पिठाच्या पेशींच्या भिंती मोडतात आणि स्टार्च तोडणारी एन्झाइम तयार होतात. शिवाय थोड्या स्टार्चची साखर आणि थोड्या प्रोटीनची अमिनो आम्लं होतात. साखर आणि अमिनो आम्लं हा पुढच्या सगळ्या रंगाचा कच्चा माल आहे. मोड न आणलेला जव भाजला तर त्यात हा माल कमी असतो, म्हणून तो गोडसर अंग न धरता कोरडा, धारदार लागतो. आयरिश स्टाउटमध्ये मुद्दाम असाच बिनमोडाचा भाजलेला जव घालतात.

मोड आलेल्या ओल्या जवातून ३५० ग्रॅम वेगळे काढा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा. ते ओलेच राहायला हवेत, दुसऱ्या दिवशी लागतील.

पहिला माल्ट: फिका

उरलेले साधारण १ किलो १५० ग्रॅम वाळवायचे. फिक्या माल्टचा सगळा नाजूकपणा इथे आहे. आधी वाळवायचं आणि मग तापवायचं, उलट नाही. ओल्या दाण्यातली एन्झाइम ७०-८० अंशांना लवकर मरतात, पण दाणा कोरडा झाला की तीच एन्झाइम ८० अंश बऱ्यापैकी सोसतात. शिवाय ओला दाणा तापवला तर पाण्यात विरघळलेली साखर आणि अमिनो आम्लं भराभर एकत्र येऊन रंग धरतात, आणि माल्ट फिका राहत नाही.

म्हणून पहिला एक दिवस गच्चीवर सावलीत, पातळ पसरून, पंख्याखाली ठेवा. इंदूरची हिवाळी हवा कोरडी असल्याने हे काम छान होतं. वजन १ किलो १५० वरून सव्वासातशे ग्रॅमच्या आसपास आलं की दाण्यात १०-१२ टक्केच पाणी उरलेलं असतं. तोवर ओव्हनला हात लावू नये. वजन उतरायला वेळ लागत असेल तर ओव्हनच्या दारात लाकडी उलथनं अडकवून, दार किलकिलं ठेवून ५० अंशांवर काही तास द्या.

त्यानंतर ८० ते ८५ अंशांवर तीन-चार तास. घरच्या ओटीजीच्या बटणावर भरवसा ठेवू नका. आकड्यात आणि खऱ्या तापमानात वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज असतो. आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घ्या, या कामात तेवढा एक खर्च अटळ आहे. शेवटी दाणा दाताखाली कुरकुरीत फुटतो, लवत नाही. गरम असतानाच तळहातांत चोळून सुपात पाखडा म्हणजे सुकलेली मुळं उडून जातील. ती कडू असतात. हाती साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास फिका माल्ट येतो.

या शेवटच्या उष्णतेला आणखी एक काम असतं. फिक्या माल्टमध्ये उकडलेल्या मक्यासारखा वास देणारं एक गंधकयुक्त द्रव्य तयार होण्याची शक्यता असते, आणि शेवटची उष्णता त्याचं मूळ बरंचसं कमी करते. पिल्सनरचा माल्ट कमीत कमी तापवतात, म्हणून पिल्सनर करताना माल्टचा अर्क दणदणीत उकळवून तो वास घालवावा लागतो. कारखान्यात हीच शेवटची पायरी १००-१०५ अंशांपर्यंत नेली की म्युनिक माल्ट मिळतो: रंग सोनेरी-नारिंगी, चव पावाच्या कडेची, आणि एन्झाइम अजून कामापुरती जिवंत.

दुसरा माल्ट: कोरडा भाजलेला तांबूस

तयार फिक्या माल्टमधले १५० ग्रॅम घ्या, ताटात अर्ध्या इंचापेक्षा पातळ पसरा. ११० अंशांवर पाऊण तास ठेवा म्हणजे उरलंसुरलं पाणी निघून जाईल. मग १५० अंशांवर न्या आणि वीस मिनिटांनी पहिला दाणा चिरून बघा. बाहेरची साल फारशी बदललेली नसते. बघायचा तो आतला पिठाचा रंग. पांढऱ्यावरून फिकट बदामी झाला, स्वयंपाकघरात खमंग वास भरला, की हाच अंबर माल्ट. सहसा पाऊण तासाच्या आसपास हे जमतं. आणखी ठेवलं आणि आत पूर्ण बदामी-तपकिरी झालं तर तो ब्राउन माल्ट होतो, चवीला खरपूस आणि थोडा कोरडा.

इथे जे घडतं ते फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये मांडलं. साखर आणि अमिनो आम्लं उष्णतेत एकत्र येतात, त्यांच्यापासून तपकिरी रंगद्रव्यं आणि सुवासिक द्रव्यांची मोठी मालिका तयार होते. बेसन मंद आचेवर भाजताना ज्या क्षणी वास बदलतो, तिथेही हीच क्रिया चालू असते. पाणी नसलं की ती बिस्किट, भाजलेला पाव, सुका मेवा या वासांकडे जाते. या तापमानाला एन्झाइम मात्र संपतात. म्हणून अंबर माल्ट एकट्याने बिअर होऊ शकत नाही, त्याच्या स्टार्चची साखर करायला सोबत फिका माल्ट लागतोच.

तिसरा माल्ट: ओला शिजवलेला तांबूस

आता फ्रिजमधले ३५० ग्रॅम ओले जव काढा. हे आधी वाळवायचे नाहीत. स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून ६५ ते ७० अंशांवर दीड-दोन तास ठेवा. ओव्हन एवढ्या खाली स्थिर राहत नसेल तर डबा मोठ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात ठेवून थर्मामीटरने पाण्याचं तापमान सांभाळा. या तापमानाला एन्झाइम सर्वांत जोमात काम करतात आणि वाफ बाहेर जात नसल्याने दाण्याच्या आतल्या आत स्टार्चची साखर होते. दीड तासाने एक दाणा चिमटीत दाबा. पीठ न निघता दाट, गोड, चिकट रस निघाला पाहिजे. हा दाणा हातात घेऊन दाबणं हा या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे, कारण पुढची चव इथेच जिभेवर कळते.

मग झाकण काढा, पसरा, ओव्हन १२० अंशांवर न्या, अर्ध्या तासाने १५० वर. मधूनमधून हलवा, नाहीतर दाणे एकमेकांना चिकटतात. दाणा लालसर तपकिरी झाला आणि पाणी संपलं की काढा, दीड-दोन तास धरून चाला. गार झाल्यावर चिरलात तर आत पीठ दिसणार नाही, काचेसारखा पारदर्शक तांबूस गाभा दिसेल. हा क्रिस्टल माल्ट, ज्याला कारखाने कॅरॅमल माल्टही म्हणतात. चव काकवी, खजूर, मनुका यांच्या वाटेने जाते. आत अर्धवट पांढरं पीठ दिसलं तर डब्यातला वेळ कमी पडला किंवा वाफ निसटली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या माल्टचा रंग जवळजवळ सारखा ठेवता येतो. भाजण्याचं शेवटचं तापमानही सारखंच होतं. फरक एवढाच, की एकात उष्णता आली तेव्हा पाणी नव्हतं, दुसऱ्यात होतं.

चौथा माल्ट: काळा

हे काम गच्चीवर किंवा गॅलरीत करा, धूर खूप होतो. फिक्या माल्टचे शंभर ग्रॅम जाड लोखंडी कढईत घ्या, आच मध्यम ठेवा आणि कालथा थांबवू नका. आधी खमंग वास, मग खरपूस, मग कॉफीचा. दाणे तडतडतील, काही फुलतील. २०० अंशांच्या पुढे हा दाणा चॉकलेट माल्टच्या रंगाला येतो, २२०-२३० ला काळा होतो, आणि त्याच्या थोडंच पुढे पेट घेऊ शकतो. कारखान्यात म्हणूनच फिरत्या पिंपात भाजतात आणि शेवटी पाण्याचा फवारा मारून दाणा तिथल्या तिथे थांबवतात. घरी इच्छित रंगाच्या किंचित आधीच गॅस बंद करून दाणे थंड परातीत ओता आणि सुपाने वारा घाला. कढईत राहू दिलेत तर आतल्या उष्णतेने आणखी एक छटा पुढे जातात.

चिरून बघा. साल आणि गाभा दोन्ही गडद कॉफीच्या रंगाचे हवेत. बाहेर काळं आणि आत पांढरं असेल तर आच मोठी होती: साल करपली, पिठापर्यंत उष्णता पोचलीच नाही, आणि चवीला राखेची कडू छटा येणार. भडभुंज्याकडून गरम वाळूत भाजून घ्यावेत असं वाटेल, पण ते इथे उपयोगाचं नाही. वाळूत दाणा क्षणात फुलतो आणि बाहेर काढला जातो. आतून गडद व्हायला जो वेळ लागतो तो मिळत नाही. दाणा कोळशासारखा चमकू लागला आणि चोळल्यावर काजळी लागली तर तो फेकून द्यावा.

या टप्प्यावर मायारच्या पुढची क्रिया सुरू होते. साखर आणि स्टार्च स्वतः जळून विघटित होतात, भाजल्या कॉफीतलीच सुगंधी द्रव्यं तयार होतात, गोडवा संपतो, आंबटपणा आणि कडवटपणा येतो. आणि रंग प्रचंड वाढतो. युरोपातल्या ब्रुअर-संघाच्या मापात, म्हणजे ईबीसीमध्ये, फिका माल्ट ३-४ च्या आसपास असतो, अंबर आणि मध्यम क्रिस्टल ५० ते १५०, तर काळा माल्ट १२०० च्या पुढे. फिक्याच्या तीनशेपट रंग असलेली वस्तू थोडीच पुरते, हे उघड आहे.

इतिहासातही हेच घडलं. लंडनचा जुना पोर्टर, म्हणजे तिथली गडद बिअर, मोठ्या प्रमाणात तपकिरी माल्टचा असायचा. ब्रुअर अर्कातली साखर मोजणारा हायड्रोमीटर वापरू लागले तेव्हा दिसलं की तपकिरी माल्टमधून साखर कमी मिळते, फिक्यातून बरीच जास्त. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर यांनी पिंपात माल्ट काळा भाजण्याचं पेटंट घेतलं आणि मग पोर्टर बहुतांशी फिक्या माल्टचा झाला, रंगापुरता चिमूटभर काळा.

अंबर आणि काळा माल्ट ताजे असताना उग्र लागतात. बरणीचं झाकण सैल ठेवून दोन आठवडे थांबा, मग चाखा.

चार कप

माल्ट मिक्सरमध्ये रवाळ दळा, पिठूळ नको. प्रत्येक कपासाठी एकूण ५० ग्रॅम माल्ट आणि ६५ अंशांचं ४०० मिली पाणी थर्मासमध्ये घालून चांगलं हलवा, पंधरा मिनिटं ठेवा आणि कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा. पहिला अर्धा कप गढूळ येतो, तो पुन्हा वरून ओता.

पहिल्यात ५० ग्रॅम फिका. दुसऱ्यात २५ फिका आणि २५ अंबर. तिसऱ्यात २५ फिका आणि २५ क्रिस्टल. चौथ्यात ४३ फिका आणि फक्त ७ काळा. हे प्रमाण मुद्दाम आहे. काळा अर्ध्याला अर्धा घातला तर कडवटपणापलीकडे काही कळत नाही, आणि बिअरमध्ये तो तसा वापरतही नाहीत.

पाणी बोअरचं नको. माळव्यातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, आणि जड, अल्कधर्मी पाणी फिक्या माल्टच्या सालीतला तुरटपणा ओढून काढतं. नळाला येणारं नर्मदेचं पाणी उकळून किंवा आरओचं पाणी घ्या. काळ्या माल्टला जड पाणी तेवढं बाधत नाही, कारण तो स्वतः आम्लधर्मी असतो आणि पाण्याची अल्कता मारतो. डब्लिनच्या जड पाण्यात स्टाउट जमली आणि प्लझेनच्या मऊ पाण्यात १८४२ मध्ये पिल्सनर जन्मली, यात या पाण्याचा मोठा वाटा आहे.

कोमट असताना चाखा. पहिला कप गवताच्या रंगाचा, मधाची हलकी गोडी, थोडा कच्च्या पिठाचा वास. दुसरा तांबूस, नाकाला खारी बिस्किट, जिभेवर गोडी कमी आणि शेवट कोरडा. तिसरा जवळपास त्याच रंगाचा, पण दाट, काकवीसारखा, गोडी जिभेवर रेंगाळते. चौथा काळपट, वर कॉफी आणि कडू कोको, पण घोट गिळल्यावर मागून फिक्या माल्टची मधाळ गोडी येते. ती गोडी ओळखू आली की स्टाउटची रचना समजली.

आता एक कप आणखी करा, आणि हाच सगळ्यात बोलका आहे. पहिल्या, फिक्या कपात चौथ्या कपातला काळा अर्क चमच्या-चमच्याने घाला, रंग दुसऱ्या कपाइतका तांबूस होईपर्यंत. समोर आता एकाच रंगाचे तीन कप आहेत. डोळे मिटून तिघांतून घोट घ्या: एक बिस्किटासारखा, एक काकवीसारखा, आणि तिसऱ्यात यातलं काहीच नाही, फिकाच माल्ट आणि शेवटी जराशी कोरड. आयरिश रेड प्रकारात लाल रंग अनेकदा असाच, चिमूटभर भाजलेल्या जवाने आणलेला असतो. तेव्हा ग्लासचा रंग पाहून चवीचा अंदाज बांधता येत नाही. इंदूरच्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत "अंबर" मागवलीत तर ब्रुअरला विचारा की तांबूसपणा म्युनिकचा, क्रिस्टलचा की भाजलेल्या जवाचा. उत्तरावरून गोड बिअर येणार की कोरडी, हे आधीच कळेल.

कपातून बिअरपर्यंत काय बदलतं

यीस्ट साखर खातं, म्हणून पहिल्या कपाची बहुतेक गोडी बिअरमध्ये उरत नाही. क्रिस्टल माल्टमधली काही साखर उष्णतेने अशी बदललेली असते की यीस्टला ती पचत नाही, म्हणून त्याची गोडी आणि दाटपणा ग्लासापर्यंत पोचतो. ब्रुअर तो दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात. फार झाला तर बिअर चिकट लागते. अंबरची गोडी जाते पण खमंगपणा राहतो. काळ्याचा रंग आणि कडवटपणा जवळपास तसाच राहतो.

एक हिशेब मांडून बघू. वीस लिटर बिअरला चार किलो माल्ट धरा. सगळा फिका असेल तर रंग सात ईबीसीच्या आसपास, म्हणजे पिल्सनरचा. त्यातला ४०० ग्रॅम काढून तेवढाच हजारएक ईबीसीचा भाजलेला जव घातला तर तोच आकडा साठीच्या घरात जातो आणि ग्लासाच्या आरपार दिसत नाही. धान्य तेवढंच, साखरही जवळपास तेवढीच, म्हणून मद्याचं प्रमाणही जवळपास तेवढंच. काळी बिअर म्हणजे कडक बिअर हा समज इथे गळून पडतो. गिनीज ड्राफ्टमध्ये सव्वाचार टक्क्यांच्या आसपास मद्य असतं, आपल्याकडच्या "स्ट्राँग" लेबलाच्या फिक्या बिअरपेक्षा बरंच कमी.

रंग एकीकडे आणि कडवटपणा दुसरीकडे हेही करता येतं. जर्मन श्वार्त्सबिअर काळी असते, पण चव सौम्य. काळ्या माल्टचा करपट भाग बराचसा सालीत असतो, म्हणून काही माल्ट कारखाने साल काढून मग दाणा भाजतात. हा प्रयोग घरीही होतो. खायचे, साल काढलेले जव कढईत काळे करा आणि चौथ्या कपासारखाच अर्क काढा. ते बिनमोडाचे असल्याने तुलना पूर्ण सारखी नाही, पण सालीची राखेरी कडू छटा गेलेली लगेच जाणवते.

उरलेला माल्ट

काढलेला अर्क त्याच दिवशी संपवा. इंदूरच्या हवेत तो रात्रभरात आंबायला लागतो. उरलेला माल्ट न दळता, अख्खा, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. फिका माल्ट ओलावा लवकर ओढतो आणि पावसाळ्यात आठवडाभरात मऊ पडतो. दाताखाली कुरकुरीत न फुटता लवला तर ओव्हनमध्ये ५५-६० अंशांवर दोन तास, दार किलकिलं ठेवून, पुन्हा सुकवा. त्याहून जास्त तापवू नका, नाहीतर आत शिरलेल्या ओलाव्यामुळे एन्झाइमही जातील आणि तो रंगही धरू लागेल. क्रिस्टल चार-सहा महिने टिकतो. काळ्याचा वास मात्र दळल्यावर दोन-तीन दिवसांतच उडतो, तेव्हा तो चाखायच्या वेळीच दळावा.